मोकळा चौकोन म्हणजे चुकलेला डोस नव्हे : टीबीच्या उपचार कार्डावरून नोंदी उतरवताना

टीबीचं उपचार कार्ड सहा महिने कुणाच्या तरी पिशवीत, कपाटात नाहीतर अंगणवाडीच्या खणात पडलेलं असतं. आपल्याकडे येईपर्यंत ते मधोमध दुमडलेलं असतं. घडी नेमकी १५ आणि १६ तारखेच्या रकान्यांवरून जाते आणि तिथली शाई उडालेली असते. पावसाळ्यात सुरू झालेलं कार्ड असेल तर एका कोपऱ्याला ओलीचा डागही असतो. अशा कार्डावरून रोजच्या डोसांची, चुकलेल्या दिवसांची आणि थुंकीच्या निकालांची नीट नोंद संगणकात कशी करायची, ते इथे एका कार्डाच्या आधाराने सांगते. उदाहरणातलं कार्ड कुणा एका रुग्णाचं नाही. उत्तर गोव्यातल्या कामात हाती आलेल्या तीन-चार कार्डांवरून मी ते जुळवलं आहे.

या कामात घोटाळा अक्षरामुळे फारसा होत नाही, रिकाम्या जागेमुळे होतो. कार्डावर जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे आपण आपल्या मनाने काहीतरी लिहून टाकतो. एक जण रिकामा चौकोन पाहून ‘गोळी घेतली नाही’ असं टाइप करतो. दुसरा म्हणतो, राहिली असेल टिक करायची, घेतलीच असणार. दोघांच्याही नोंदी दिसायला स्वच्छ असतात आणि दोन्ही खोट्या असतात.

कार्ड कुठल्या काळातलं आहे ते आधी बघा

मागची बाजू उघडण्याआधी उपचार सुरू झाल्याची तारीख बघा. आता औषधसंवेदी टीबीचे, म्हणजे नेहमीची औषधं लागू पडणाऱ्या टीबीचे, डोस रोजचे असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. पहिल्या टप्प्याला सगळे आयपी म्हणतात आणि दुसऱ्याला सीपी. आयपीचे ५६ डोस, सीपीचे ११२, एकूण १६८.

देशभर रोजचे डोस २०१७ च्या अखेरीपासून आले. त्याआधीच्या कार्डांवर आठवड्यातून तीनच डोस असत, बहुधा सोमवार, बुधवार, शुक्रवार. जुन्या कार्डांचा गठ्ठा हाती आला आणि तुम्ही रोजच्या हिशोबाने उतरवायला बसलात, तर आठवड्याचे चार दिवस ‘रिकामे’ दिसतील आणि रुग्णाने निम्म्याहून जास्त औषध सोडलं असा निष्कर्ष निघेल. जुनी आणि नवी कार्डं वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. यापुढे मी रोजच्या डोसांच्या कार्डाबद्दलच बोलणार आहे.

पुढच्या बाजूवरून चार गोष्टी घ्यायच्या: सुरुवातीची तारीख, वजन, रोजच्या गोळ्या आणि रुग्ण नवा आहे की आधी उपचार घेतलेला. नाव, पत्ता, फोन उतरवायचा नाही. आमच्या फाइलीत प्रत्येक कार्डाला एक सांकेतिक क्रमांक असतो, इथे तो K07 धरू. कुठला क्रमांक कुणाचा याची कागदी यादी केंद्रातच कुलपात राहते. वाडीत टीबीची बातमी पसरायला एक फॉरवर्ड पुरतो. म्हणून कार्डाचा फोटोही नावाच्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवूनच काढायचा, आणि तोही केंद्राची परवानगी घेऊन.

फोटो रंगीत हवा. झेरॉक्सवरून उतरवायचा मोह टाळा. थुंकीचा पॉझिटिव्ह निकाल लाल शाईने लिहायची पद्धत आहे, आणि झेरॉक्समध्ये लाल आणि निळं एकच होतं. कार्ड खिडकीजवळ सपाट ठेवून दोन्ही बाजूंचा एकेक फोटो काढा, आणि घडीच्या जागेचा वेगळा तिसरा. घडीवरची फिकट टिक तिरप्या उजेडात पुष्कळदा दिसते, कारण शाई गेली तरी पेनाचा दाब कागदावर राहतो.

चौकोनात काय काय असतं

मागच्या बाजूला महिन्यांच्या आडव्या ओळी आणि १ ते ३१ तारखांचे उभे रकाने असतात. चिन्हांचा अर्थ कार्डावरच छापलेला असतो, तो आधी वाचा, कारण छपाईच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असतात. साधारणपणे टिक किंवा फुली म्हणजे कुणीतरी समोर उभं राहून गोळी घ्यायला लावली. गोल म्हणजे त्या दिवशी डोस चुकला. टिकेपासून पुढे ओढलेली आडवी रेघ म्हणजे पहिली गोळी समोर घेतली आणि पुढच्या दिवसांच्या गोळ्या घरी दिल्या.

म्हणजे आपल्या नोंदीत चार अवस्था हव्यात, दोन नव्हेत. समोर घेतलेला डोस, घरी घेतल्याचं मानलेला डोस, चुकलेला डोस, आणि काहीच न लिहिलेला दिवस. टाइप करताना मी `OBS`, `SELF`, `MISS` आणि `BLANK` असे चार शब्द वापरते. `BLANK` हा शब्द मुद्दाम आहे. तो जागा सोडून देत नाही, ‘मी पाहिलं आणि इथे काही नव्हतं’ असं सांगतो. संगणकातल्या तक्त्यात एखादा सेल खरोखरच रिकामा राहिला तर त्याचा अर्थ एकच, तो दिवस अजून उतरवलेलाच नाही.

रेघेकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं ते सीपीत कळतं. तिथे आठवड्याला एक डोस समोर आणि सहा घरी, अशी रीत असली तर ११२ डोसांसाठी कार्डावर टिका साधारण सोळाच असतात. बाकी सगळं रेघांत आहे. ज्याने नुसत्या टिका मोजल्या त्याच्या नोंदीत हा रुग्ण सोळा डोस घेणारा ठरतो. उलट सगळ्या रेघा ‘घेतलं’ म्हणून टिकांमध्ये मिसळल्या, तर समोर घेतलेलं आणि सांगोवांगी घेतलेलं यातला फरक कायमचा पुसला जातो.

खाडाखोड आली की जे दिसतं ते सगळं लिहा. गोल काढून त्यावर नंतर टिक मारलेली असेल तर `O>tick` असं लिहायचं आणि खात्रीच्या रकान्यात शून्य. सकाळी न आलेला रुग्ण संध्याकाळी येऊन गोळी घेऊन गेला असेल, किंवा महिनाअखेरीला कुणीतरी कार्ड ‘सुधारलं’ असेल. आपल्याला माहीत नाही, आणि ते ठरवणं आपलं काम नाही. अख्ख्या महिन्याच्या टिका एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, एका बैठकीत मारल्यासारख्या दिसल्या तर तसंच शेऱ्यात लिहायचं. मी ‘एकसारखी शाई’ एवढंच लिहिते. त्यावरून कुणावर ठपका ठेवत नाही, कारण वहीत रोज लिहून शनिवारी कार्डावर उतरवणाऱ्या प्रामाणिक सेविकाही मी पाहिल्या आहेत.

आकड्यांबद्दल एक स्थानिक गोष्ट. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीतलं कुणी घरी गोळ्या देत असेल तर त्यांच्या हातच्या ७ ला मधून आडवी रेघ असते आणि १ ला लांब शेंडी. तो १ आपल्याला ७ वाटतो. एका कार्डावर सबंध जुलै मी १७ तारखेपासून सुरू केला होता, खरी तारीख ११ होती. त्याच हातचा खात्रीचा ७ कार्डावर दुसरीकडे कुठे सापडतो का ते बघायचं, की प्रश्न सुटतो.

तारखा आधी, कार्ड नंतर

बहुतेक जण कार्डावर टिक दिसली की तिची तारीख टाइप करतात. उलट करा. सुरुवातीच्या तारखेपासून शेवटच्या डोसापर्यंतच्या सगळ्या तारखा तक्त्यात आधी भरून घ्या. पहिली तारीख B2 मध्ये टाइप करायची आणि खालच्या सेलमध्ये `=B2+1` लिहून ओढत न्यायचं. मग प्रत्येक तारखेसमोर कार्डावर काय आहे ते शोधायचं. असं केलं की एकही दिवस गळत नाही.

दुसरा फायदा आणखी गमतीचा आहे. कार्डावर प्रत्येक महिन्याला ३१ रकाने असतात, सप्टेंबरलाही. घाईत ओढलेली रेघ ३० वर न थांबता सरळ ३१ वर जाते. रेघ मोजून दिवस भरणाऱ्याच्या नोंदीत मग ३१ सप्टेंबरचा डोस तयार होतो. तारखा संगणकाने भरलेल्या असल्या तर ३० नंतर १ ऑक्टोबरच येतो आणि आपण थबकतो.

एका दिवसाची एक ओळ:

```
card_id,dose_date,mark_seen,status,phase,sure,note
K07,2024-07-27,tick,OBS,IP,1,
K07,2024-07-28,O,MISS,IP,1,
K07,2024-08-25,none,BLANK,IP,1,
K07,2024-09-06,tick,OBS,IP,1,
K07,2024-09-07,line,SELF,IP,1,chavath
```

`mark_seen` मध्ये डोळ्यांना दिसलं ते आणि `status` मध्ये आपण लावलेला अर्थ. हे दोन रकाने एकत्र करू नका. उद्या कुणी म्हणालं की या केंद्रात रेघेचा अर्थ वेगळा होता, तर अर्थाचा रकाना बदलता येतो, कार्ड पुन्हा शोधावं लागत नाही.

उतरवताना कार्डावर एक पट्टी आडवी ठेवा आणि ओळ संपली की खाली सरकवा. नजर ऑगस्टवरून सप्टेंबरवर घसरणं ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक आहे. शक्य असेल तर एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने टाइप करावं: ‘चोवीस टिक, पंचवीस काही नाही, सव्वीस काही नाही, सत्तावीस टिक.’ ‘काही नाही’ हे शब्द तोंडाने उच्चारायला लागले की रिकामा चौकोन आपोआप ओलांडला जात नाही.

के शून्य सातचं कार्ड

आता हिशोब करू. रुग्ण खाजेकार, म्हणजे जत्रेत आणि फेस्ताला खाजे विकणारा. वजन ४६ किलो. ३५ ते ४९ किलोच्या गटात रोज तीन गोळ्या. उपचार सुरू १५ जुलै २०२४, सोमवार.

जुलैत १७ दिवस येतात. १६ टिका आणि २८ तारखेच्या रविवारी एक गोल. ऑगस्टच्या ३१ दिवसांत २७ टिका, १५ आणि १६ ला गोल, आणि २५ व २६ ला काहीच नाही. २५ ला रविवार होता आणि २६ ला अष्टमी. सप्टेंबरच्या १ ते ५ ला टिका. ६ ला टिक आणि तिथून १२ पर्यंत रेघ, शेजारी पेन्सिलने ‘चवथीक गांवांत’. ७ तारखेला चवथ होती, म्हणजे शेरा रेघेशी जुळतो. १३ ला पुन्हा टिक. त्यापुढे उभी रेघ मारून १४ पासून सीपी सुरू.

बेरीज अशी करायची. समोर घेतलेले १६, २७, ५, १ आणि १ मिळून ५०. घरी घेतलेले ६. दोन्ही मिळून ५६, म्हणजे आयपीचे डोस बरोबर पूर्ण. गोल ३, रिकामे २. पन्नास, सहा, तीन आणि दोन मिळून ६१. आता कॅलेंडर बघा: १५ जुलै ते १३ सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून, १७ अधिक ३१ अधिक १३, म्हणजे ६१. दोन्ही बाजूंनी आकडा एकच आला, तर मधला एकही दिवस हरवलेला नाही आणि एकही दोनदा मोजलेला नाही. हा ताळा प्रत्येक टप्प्याला वेगळा करा. अख्ख्या कार्डाचा एकदम केला तर आयपीतली चूक सीपीतल्या चुकीने झाकली जाते.

आयपी ५६ दिवसांत संपली नाही, ६१ लागले, याने गोंधळू नका. टप्पा डोसांवर संपतो, तारखेवर नाही. चुकलेले डोस शेवटी जोडून पूर्ण करतात. म्हणून ‘दोन महिने झाले’ म्हणून १४ सप्टेंबरऐवजी ९ तारखेपासून `CP` टाइप करू नका, टप्पा बदलल्याची खूण कार्डावर जिथे आहे तिथेच बदला.

आता ते दोन रिकामे चौकोन. त्या दिवशी गोळ्या घेतल्या असत्या तर ५६ वा डोस ११ सप्टेंबरला पडला असता. कार्डावर मात्र आयपी १३ पर्यंत चालली आहे. गोळ्यांचा हिशोबही तेच सुचवतो. सरकारी टीबी कार्यक्रमाच्या गोळ्या २८ च्या स्ट्रिपमध्ये येतात. रोज तीन म्हणजे २८ दिवसांना तीन स्ट्रिप, दोन महिन्यांना सहा, म्हणजे १६८ गोळ्या, म्हणजे बरोबर ५६ डोस. कार्डाच्या तळाशी सहाच स्ट्रिप दिल्याची नोंद आहे. त्या १३ सप्टेंबरला संपल्या असतील तर २५ आणि २६ ऑगस्टला त्यांना हात लागलेला नव्हता.

इतका पुरावा असूनही मी `status` मध्ये `BLANK` च ठेवते आणि शेऱ्यात ‘स्ट्रिपच्या हिशोबाने चुकलेला वाटतो’ असं लिहिते. तर्क कितीही बरोबर असला तरी तो तर्क आहे, आणि कार्डावर खूण नाही. पुढे वाचणाऱ्याला दोन्ही स्वतंत्र दिसले पाहिजेत.

टक्केवारी मागितली तर एकच आकडा देऊ नका. आयपीत ६१ पैकी किमान ५६ दिवशी औषध घेतलं, म्हणजे सुमारे ९२ टक्के. रिकामे दोन्ही दिवस घेतलेले धरले तर ५८, म्हणजे ९५. आणि समोर घेतलेलेच मोजले तर ५०, म्हणजे ८२. तीनही आकडे खरे आहेत, फक्त कशाचे आहेत ते शेजारी लिहायला हवं.

सीपी लवकर उरकता येते. १४ सप्टेंबर ते ८ जानेवारी २०२५, ११७ दिवस. ११२ डोस आणि पाच गोल: ३१ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर दिवाळीचे, आणि २ ते ४ डिसेंबर. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त असतं आणि खाजेकाराची कमाईची वेळ तीच. नोव्हेंबरच्या ओळीत शेवटची रेघ ३१ वर गेली होती. तारखा आधी भरलेल्या असल्याने ती ३० ला थांबली आणि ताळा जमला.

सलग किती दिवस खंड पडला तेही काढून ठेवा, कारण डॉक्टर आधी तेच विचारतात. सलग एक महिना किंवा जास्त खंड पडला तर कार्यक्रमाच्या व्याख्येत रुग्ण ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ ठरतो. एका पानावर एकच कार्ड ठेवून H रकान्यात हे लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(OR(D2="MISS",D2="BLANK"),N(H1)+1,0)
```

मग `=MAX(H:H)`. आपल्या खाजेकाराचा सर्वांत मोठा खंड तीन दिवसांचा आहे, फेस्ताचा. हेच सूत्र रेघा विसरलेल्या नोंदीवर चालवलं तर त्याच माणसाच्या सीपीत जवळजवळ दर आठवड्याला सहा दिवसांचा खंड दिसेल. असं काही दिसलं की रुग्णाला नाही, आधी आपल्या टायपिंगला दोष द्यायचा.

थुंकीचे निकाल

इथे माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते, कारण ती पुष्कळांकडून होते. एका कार्डावर दोन महिन्यांच्या ओळीत मी ३+ टाइप केलं. ५६ डोस घेऊन झाल्यावर तीन प्लस म्हणजे फारच वाईट. मी घाबरून केंद्रातल्या लॅब टेक्निशियनला दाखवायला गेले. त्यांनी चष्मा पुसला, कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाले, ‘बाय, हें प्लस न्हय. स्कँटी तीन.’ तीनच्या आधी इंग्रजीत एस आणि सी अशी दोन बारीक अक्षरं होती आणि मी जो प्लस समजत होते तो खालच्या ओळीतून वर आलेला टिकेचा फाटा होता.

फरक किती आहे ते बघा. झील-नील्सन पद्धतीच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली १०० क्षेत्रं पाहून एकूण १ ते ९ जंतू दिसले तर तो निकाल स्कँटी, आणि पुढे जंतूंचा नेमका आकडा लिहितात. १० ते ९९ दिसले तर एक प्लस. प्रत्येक क्षेत्रात १ ते १० असतील तर दोन प्लस, आणि प्रत्येक क्षेत्रात १० हून जास्त असतील तर तीन प्लस. म्हणजे स्कँटी ३ मध्ये शंभर क्षेत्रं मिळून तीन जंतू आहेत, तर तीन प्लसमध्ये एकेका क्षेत्रात दहाहून जास्त. म्हणून निकालासाठी तीन रकाने ठेवा: कार्डावर लिहिलं ते जसंच्या तसं, त्याची श्रेणी, आणि स्कँटी असेल तर जंतूंचा आकडा. श्रेणीच्या रकान्यात नुसता ३ कधीही नको.

```
card_id,month,doses_done,result_date,lab_no,test,raw,grade,afb
K07,0,0,2024-07-12,412,ZN,2+,2+,
K07,2,56,2024-09-14,538,ZN,Sc 3,SC,3
K07,6,168,2025-01-10,17,ZN,Neg,NEG,
```

लॅब क्रमांक ४१२, ५३८ आणि मग एकदम १७ पाहून दुरुस्त करायला जाऊ नका. प्रयोगशाळेच्या रजिस्टरचे क्रमांक दर जानेवारीला १ पासून सुरू होतात. उलट हा क्रमांक तारखेची साक्ष देतो: कार्डावर निकालाची तारीख १०/१ आहे आणि साल लिहिलेलं नाही, तर लहान क्रमांक सांगतो की हे नव्या वर्षाच्या सुरुवातीचं आहे.

`doses_done` हा रकाना कार्डावर नसतो, तो आपल्या डोसांच्या तक्त्यातून काढायचा. ‘दोन महिन्यांचा’ निकाल म्हणजे आयपी संपल्यावरचा, आणि आयपी कधी संपली ते डोस सांगतात. कार्डावर ‘२’ च्या ओळीतला निकाल ३० डोसांवरचा निघाला, तर ओळ चुकली आहे किंवा थुंकी लवकर घेतली आहे. काहीही असलं तरी ते विचारायला हवं.

दर महिन्याची ओळ छापलेली असली तरी दर महिन्याला निकाल असेलच असं नाही. हल्ली थुंकी मुख्यतः सुरुवातीला, आयपीच्या शेवटी आणि उपचाराच्या शेवटी तपासतात. जुन्या कार्डांवर मधले निकालही सापडतात. ज्या महिन्याचा निकाल नाही त्या महिन्याची ओळच करू नका. तिथे `NEG` लिहिणं म्हणजे न केलेली तपासणी केली असं सांगणं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘थुंकी नाही’ हा शेरा. बरा होत आलेल्या माणसाला बेडका पडतच नाही, मग कार्डावर इंग्रजीत नुसता एन किंवा एन एस असं आखूड लिहितात. एन दिसला की हात आपोआप निगेटिव्ह टाइप करतो. निगेटिव्ह निकालाला लॅब क्रमांक असतो, न दिलेल्या थुंकीला नसतो. क्रमांक नसेल तर `grade` मध्ये `NOSPUTUM` लिहा. शेवटच्या ओळीत हा फरक फार मोठा आहे. सुरुवातीला जंतू सापडलेला आणि शेवटी थुंकी निगेटिव्ह आलेला रुग्ण ‘बरा झाला’ म्हणून नोंदला जातो. शेवटची तपासणीच झालेली नसली आणि अपयशाचं लक्षण नसलं, तर ‘उपचार पूर्ण’ एवढंच म्हणतात. हा अंतिम निष्कर्ष कार्डावर सही करून लिहिलेला असतो, तो तसाच उतरवा, आपण काढू नका.

ट्रूनॅट किंवा सीबीनॅटचे निकाल या रकान्यात घालू नका. ट्रूनॅटची कंपनी आपल्या वेर्ण्याचीच, त्यामुळे तो शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण ती तपासणी जंतूची जनुकं शोधते. मेलेल्या जंतूंचीही जनुकं तिला सापडतात, म्हणून उपचार लागू पडतोय का हे बघायला ती वापरत नाहीत. के शून्य सातच्या समासात १८ सप्टेंबरच्या तारखेने एक शेरा आहे: स्कँटी ३ आल्यामुळे नमुना पाठवला, रिफाम्पिसिन या औषधाला प्रतिरोध नाही. ती वेगळ्या तपासणीची वेगळी ओळ, `test` मध्ये तिचं नाव आणि `grade` रिकामा.

दुसऱ्या हाताने तपासा, मग विचारा

पूर्ण झालेलं कार्ड दुसऱ्या माणसाने पहिल्याची नोंद न बघता पुन्हा उतरवावं, आणि दोन तक्त्यांचे `status` रकाने शेजारी ठेवून जिथे फरक आहे त्या ओळी काढाव्यात. सगळ्या कार्डांना वेळ नसेल तर निदान थुंकीचा तक्ता तरी दोनदा करा. त्यात तीन-चारच ओळी असतात आणि नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. के शून्य सातच्या १७८ ओळींत आम्हा दोघींचा फरक चार ठिकाणी आला, चारही घडीवर.

मग उरलेले प्रश्न एका कागदावर लिहून कार्ड भरणाऱ्या व्यक्तीकडे जायचं. फोनवर नाही, कार्ड समोर ठेवून. ‘रुग्ण नियमित होता का’ असं विचारू नका, उत्तर ‘होय’ च येणार. तारीख दाखवून विचारा. मिळालेलं उत्तर शेऱ्याच्या रकान्यात, आधी `ask` लिहून. आधीचा `BLANK` पुसायचा नाही.

२५ आणि २६ ऑगस्टच्या चौकोनांवर बोट ठेवलं तेव्हा सेविकेने स्वतःची वही काढली. ते दोन दिवस ती रजेवर होती. २७ ला ती घरी गेली, तेव्हा स्ट्रिपमध्ये हिशोबापेक्षा सहा गोळ्या जास्त होत्या आणि तिने तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं. कार्डावर गोल काढायचा तेवढा राहिला होता.

```
K07,2024-08-25,none,BLANK,IP,1,ask:MISS 6 tabs left
K07,2024-08-26,none,BLANK,IP,1,ask:MISS 6 tabs left
```